अज्ञात पदार्थाचं मोलर वस्तुमान: गोठणबिंदू कुठे वापरायचा, परासरण दाब कुठे, आणि आकडा कुठे चुकतो

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला अज्ञात पदार्थ म्हणून बहुतेक वेळा युरिया दिलेला असतो. त्याचं मोलर वस्तुमान ६०.०६. जर्नलं तपासायला घेतली की त्यात २९ सापडतं, ६४ सापडतं, एकदा तर १,१९५ सापडलं होतं. सूत्र मात्र सगळ्यांचं बरोबर असतं. गणित चुकत नाही, चुकतं ते त्याआधीचं: थर्मामीटरवरचा कुठला आकडा घ्यायचा, कशाचं वजन घ्यायचं, कधी ढवळायचं. परासरण दाबाच्या प्रयोगातही तसंच. नळीत पाणी चढलं, उंची मोजली, सूत्रात घातली, की उत्तर तिसऱ्या हिश्शाने कमी.

म्हणून इथे दोन अज्ञात पदार्थ घेऊन दोन्ही रीती सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवतो. पहिला पदार्थ पांढरे स्फटिक, पाण्यात पटकन विरघळणारे. दुसरा पांढरी भुकटी, पाण्यात विरघळली की द्रावण किंचित चिकट लागतं.

## टप्पा १: आधी रीत ठरवा

दोन्ही रीती एकच गोष्ट मोजतात: द्रावणात द्राव्याचे कण किती आहेत. वजन आपल्याला माहीत असतं, कणांची संख्या प्रयोगातून कळते, भागाकार केला की मोलर वस्तुमान. फरक एवढाच की ठरावीक वजनात कण किती निघतात त्यावर एक रीत सोयीची ठरते आणि दुसरी निरुपयोगी.

युरियासारखा लहान रेणू घ्या. २५ ग्रॅम पाण्यात पाऊण ग्रॅम घातला तर गोठणबिंदू सुमारे ०.९ अंशाने उतरतो. साधा डिजिटल थर्मामीटर तो आरामात दाखवतो. याच द्रावणाचा परासरण दाब मात्र सुमारे १२ बार भरेल, म्हणजे सव्वाशे मीटर उंच पाण्याचा स्तंभ! शिवाय प्रयोगशाळेत मिळणारं डायलिसिसचं पटल युरियाला अडवतच नाही, तो सरळ आरपार जातो.

आता उलट बाजू. ४०,००० मोलर वस्तुमानाचा पॉलिमर लिटरला २० ग्रॅम घातला, तर गोठणबिंदू उतरतो एका अंशाच्या सुमारे हजाराव्या भागाने. तो मोजायला आपल्याकडे काहीच नाही. पण त्याच द्रावणाचा परासरण दाब १८ सेंटीमीटर पाणी वर ढकलतो, आणि ते फूटपट्टीनेही मोजता येतं.

थोडक्यात, काही शेकड्यांपर्यंत गोठणबिंदू, आणि दहा-पंधरा हजारांच्या वर परासरण. मधला पट्टा दोन्हींना अवघड आहे. तिथे घट्ट छिद्रांचं पटल आणि चांगलं ऑस्मोमीटर लागतं, कॉलेजच्या टेबलावर त्याच्या मागे लागू नये.

तपासा: भुकटी पाण्यात घातल्यावर गुठळ्या झाल्या, फुगली, द्रावण चिकट झालं, तर बहुधा पॉलिमर. स्वच्छ स्फटिक असतील आणि झटकन विरघळले तर लहान रेणू. युरियाची आणखी एक खूण आहे. विरघळताना तो उष्णता ओढून घेतो, त्यामुळे परीक्षानळी हाताला गार लागते.

## टप्पा २: द्राव्य विद्युत वाहतं का, ते बघा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. अज्ञात पदार्थ मीठ निघाला तर एका रेणूचे दोन कण होतात आणि गोठणबिंदू जवळपास दुप्पट उतरतो. पाऊण ग्रॅम मीठ याच प्रयोगात घातलं तर उत्तर येतं ३२ च्या आसपास, खरं आहे ५८.४. विद्यार्थी ते उत्तर बघून मिथेनॉल आहे असं लिहून मोकळे होतात, समोर घन पदार्थ दिसत असतानाही.

चिमूटभर पदार्थ डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून कंडक्टिव्हिटी मीटर लावा. नुसत्या पाण्याच्या जवळपास रीडिंग आलं तर पुढे जा. भरपूर वाढलं तर पदार्थ आयनांमध्ये फुटतोय. मग येणारं उत्तर हे खऱ्या मोलर वस्तुमानाला कणांच्या संख्येने भागून आलेलं असेल, आणि तसंच ते जर्नलमध्ये लिहायचं.

उलटही घडतं. सेंद्रिय द्रावकात काही आम्लांचे रेणू जोडीने राहतात आणि उत्तर दुप्पट येतं. म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने पाणीच द्रावक घ्यावं. जुन्या पुस्तकांत बेंझीन असतं, पण ते कर्करोगकारक आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

## टप्पा ३: वजनं

परीक्षानळी कोरडी करा, बीकरमध्ये उभी करून टेअर करा, सुमारे २५ मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी घाला आणि वजन घ्या. पिपेटवर २५ लिहिलंय म्हणून २५ ग्रॅम लिहू नका. २७ अंशाला २५ मिलिलिटर पाणी २४.९ ग्रॅम भरतं. आपल्या उदाहरणात २५.०० ग्रॅम घेऊ.

द्राव्य आधी वाळवलेलं हवं. ओला पदार्थ म्हणजे तुम्ही पाण्यालाच द्राव्य म्हणून मोजताय. पाच टक्के ओल असेल तर उत्तर साधारण तेवढंच चढं येतं. युरिया ओव्हनमध्ये जोरात तापवू नका, तो विघटन पावतो. डेसिकेटरमध्ये रात्रभर ठेवला की पुरे.

वजनाच्या बाटलीत पदार्थ घ्या, वजन करा, परीक्षानळीत ओता, रिकामी बाटली परत वजन करा. फरक म्हणजे खरोखर आत गेलेला पदार्थ. नळीच्या गळ्याशी काही कण चिकटलेच तर द्रावणानेच ते खाली घ्या, वेगळं पाणी ओतून नाही. आपल्याकडे फरक आला ०.७५० ग्रॅम.

सावधान: सूत्रात वजन द्रावकाचं येतं, द्रावणाचं नाही. २५.०० च्या जागी २५.७५ घातलं की तीन टक्के चूक तिथेच झाली. आणि ते किलोग्रॅममध्ये हवं, ०.०२५००. मघाचं ते १,१९५ आठवतंय? त्या मुलाने ग्रॅम-किलोग्रॅमची गल्लत केली होती आणि शिवाय एक वजन चुकीच्या जागी घातलं होतं.

## टप्पा ४: बर्फाचं भांडं

कुटलेल्या बर्फात जाडं मीठ घाला, तीन भाग बर्फाला एक भाग मीठ, तर मिश्रण उणे १८ च्या खाली जाऊ शकतं. हे आपल्याला नको आहे. भांडं जितकं थंड, तितकं पाणी न गोठताच खाली घसरतं, आणि गोठायला लागलं की कडेला बर्फाचा कवच धरतं. भांडं उणे ५ च्या आसपास ठेवा. त्यासाठी मीठ थोडं थोडं घाला, ढवळा, तापमान बघा. बर्फ वितळला की वरचं पाणी काढून नवा बर्फ घाला.

परीक्षानळी सरळ भांड्यात बुडवू नका. ती एका रुंद नळीत बसवा, दोघींमध्ये हवा राहू द्या. या हवेच्या कवचामुळे थंडी सावकाश आत जाते आणि रीडिंग घ्यायला वेळ मिळतो. बुचातून थर्मामीटर आणि तारेची ढवळणी आत जाऊ द्या. थर्मामीटरचा फुगा किंवा सेन्सर द्रवाच्या मध्यावर हवा, तळाला टेकलेला नको.

थर्मामीटर ०.०१ अंशापर्यंत वाचणारा लागतो. ०.१ अंशाचे भाग असलेल्या साध्या थर्मामीटरने ०.९१ अंशाच्या फरकात सात-आठ टक्के अनिश्चितता येते. म्हणजे ६० च्या जागी ५६ किंवा ६५ आलं तरी तुमचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही, आणि बरोबर आलं असंही नाही.

## टप्पा ५: नुसतं पाणी गोठवा

हो, पुस्तकात शून्य लिहिलेलं असताना सुद्धा. आपल्याला खरं शून्य नको, आपल्या थर्मामीटरचं शून्य हवं.

नळी भांड्यात ठेवा, सेकंदाला एक या वेगाने ढवळणी वर-खाली करा, दर पंधरा सेकंदांनी तापमान लिहा. तापमान शून्याखाली जाईल, बर्फ नसेल, आणि मुलं घाबरून ढवळणं थांबवतील. थांबवू नका. पाणी असं दोन-तीन अंश, कधी त्याहून खाली जातं आणि मग अचानक आत धुक्यासारखे बारीक कण दिसतात. त्याच क्षणी तापमान झपकन वर उडी मारतं आणि एका आकड्यावर स्थिरावतं. तो स्थिर आकडा म्हणजे गोठणबिंदू.

आमच्याकडे तो आला +०.०४. बर्फ हातात धरून वितळवा, परत गोठवा. दुसऱ्यांदा +०.०४, तिसऱ्यांदा +०.०३. +०.०४ घेतला.

तपासा: तीन रीडिंग ०.०२ अंशाच्या आत यायला हवीत. नुसत्या पाण्याची स्थिर रेषा आडवी राहते. ती उतरत असेल तर पाणी शुद्ध नाही किंवा नळी नीट धुतलेली नाही. पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: द्रावण गोठवा, आणि नेमका आकडा वाचा

सगळ्या प्रयोगातली सगळ्यात मोठी चूक इथे होते.

०.७५० ग्रॅम विरघळवलं, परत थंड करायला लावलं. तापमान उतरत उतरत −१.९० पर्यंत गेलं, मग उडी मारून −०.८८ पर्यंत वर आलं, आणि तिथून सावकाश खाली जाऊ लागलं: −०.८९, −०.९१, −०.९३.

सगळ्यात खालचा आकडा −१.९०. वहीत मुलं तोच गोठणबिंदू म्हणून लिहितात, कारण "सगळ्यात कमी तापमान" असं डोक्यात बसलेलं असतं. त्याने फरक येतो १.९४ आणि मोलर वस्तुमान २८.८. तो २९ इथून येतो. हे तापमान गोठण्याचं नाही, न गोठता घसरण्याचं आहे.

मग उडीनंतरचा सर्वात वरचा आकडा घ्यायचा का? जवळजवळ, पण पुरता नाही. बर्फ तयार होतो तो शुद्ध पाण्याचा, द्राव्य मागे राहतं. म्हणून उरलेलं द्रावण क्षणोक्षणी जास्त संहत होत जातं आणि त्याचा गोठणबिंदू उतरत जातो. तुमच्या तापमानाची रेषा तिरकी दिसते ती यामुळे. शिवाय घसरण जितकी खोल, तितका बर्फ एका दमात तयार होतो. एक अंश खाली गेलं तर सुमारे सव्वा टक्का पाणी लगेच बर्फ होतं. पाच अंश गेलं तर सहा टक्के, आणि उत्तरात चूक तेवढीच.

इलाज आलेखात आहे. तापमान उभ्या अक्षावर, वेळ आडव्या. उडीनंतरची तिरकी सरळ रेषा पेन्सिलने मागे वाढवा, उतरत्या वक्राला ती जिथे छेदते तो गोठणबिंदू. आमच्या आलेखात तो −०.८७ निघाला.

घसरण कमी ठेवायची असेल तर गोठणबिंदूच्या अर्धा अंश खाली गेल्यावर बारीक तारेच्या टोकाला लागलेला बर्फाचा कण आत टेकवा. मोहरीच्या दाण्याएवढाही मोठा नको, नाहीतर तुम्ही पाणीच वाढवताय.

सावधान: नळीच्या आतल्या कडेला पांढरा कवच दिसला तर ते रीडिंग टाकून द्या. भांडं जास्त थंड आहे किंवा ढवळणं ढिलं पडलंय.

## टप्पा ७: हिशेब, आणि परत एकदा

सूत्र: M = (Kf × w2) / (ΔT × w1)

इथे Kf पाण्याचा १.८६, w2 द्राव्याचं वजन ग्रॅममध्ये, w1 पाण्याचं किलोग्रॅममध्ये.

ΔT = ०.०४ − (−०.८७) = ०.९१

M = (१.८६ × ०.७५०) / (०.९१ × ०.०२५००) = ६१.३

पाण्याचा गोठणबिंदू मोजण्याऐवजी पुस्तकातलं ०.०० घेतलं असतं तर ΔT ०.८७ झाला असता आणि उत्तर ६४.१. मघाशी म्हटलेलं ६४ ते हेच.

आता त्याच नळीत आणखी ०.७४५ ग्रॅम घाला, एकूण १.४९५. गोठणबिंदू आला −१.७५, ΔT १.७९, आणि M ६२.१. थोडं वाढलं. द्रावण दाट होत गेलं की आदर्श सूत्र थोडं सैल पडतं. दोन बिंदूंमधून रेषा शून्य वजनापर्यंत मागे नेली तर ६०.५ येतं. पण एवढ्यावर फार भरवसा ठेवू नका. ०.०२ अंशाच्या चुकीने पहिलं उत्तर एकटंच ६० ते ६२.७ हलतं. जर्नलमध्ये "६१, सव्वाएक कमी-जास्त" असं लिहा. ६०.४९७३ लिहिणाऱ्याचे मार्क मी कापतो.

दुसऱ्या मापाचा खरा उपयोग वेगळा आहे. दोन उत्तरांत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक दिसला तर वजन चुकलंय, पदार्थ पूर्ण विरघळलेला नाही किंवा तो रेणूरूपात शाबूत राहत नाही. एकच मोजमाप करणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

## टप्पा ८: आता दुसरा पदार्थ, परासरणाची मांडणी

पांढरी भुकटी, डेक्स्ट्रान. हा साखरेच्या साखळ्यांचा पॉलिमर, विद्युतभार नसलेला, म्हणून सुरुवातीला सोयीचा. प्रथिन असतं तर त्याचा भार आणि त्यासोबतचे आयन दाब फुगवतात. मग द्रावण समविद्युत बिंदूजवळच्या पीएचला न्यावं लागतं आणि दोन्ही बाजूंना मीठ घालावं लागतं. ती वाट पुढची.

लागणारं सामान: डायलिसिसची नळी, जिची छिद्रमर्यादा १२,००० ते १४,००० आहे, १ मिलिमीटर आतल्या व्यासाची, ४० सेंटीमीटर लांबीची काचेची केशनळी, रबरी बूच, दोरा, लिटरभर पाण्याचं उंच भांडं.

डायलिसिसची नळी कोरडी विकत मिळते आणि तिच्यात ग्लिसरिन असतं. डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी दोनदा बदला. ग्लिसरिन राहिलं तर सुरुवातीला स्तंभ उगाच वर चढतो आणि मग उतरतो. तुम्हाला वाटेल पटल फाटलं.

भुकटी १०५ अंशांवर काही तास वाळवून घ्या, डेक्स्ट्रान हवेतली ओल चांगलीच धरतं. मग लिटरभर द्रावणात ५, १०, १५ आणि २० ग्रॅम अशी चार द्रावणं करा. इथे मोजमाप द्रावणाच्या आकारमानावर आहे, द्रावकाच्या वजनावर नाही. गोठणबिंदूची सवय इथे आणू नका.

## टप्पा ९: पिशवी बांधणं

डायलिसिसच्या नळीचं एक टोक दुमडून दोऱ्याने घट्ट बांधा, दहा मिलिलिटर द्रावण भरा, दुसरं टोक केशनळी बसवलेल्या बुचावर ताणून बांधा. आत हवेचा बुडबुडा राहायला नको. तो दाबला जातो आणि उंची कमी दाखवतो.

पिशवी मऊ असते, दाबाने फुगते. म्हणून ती भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या नळीत सरकवून ठेवा, ती नळी पिशवीला बाहेरून आवळून धरते. मग सगळं पाण्यात बुडवा, केशनळी उभी.

बारीक नळी का? द्रावण वर चढतं म्हणजे बाहेरचं पाणी आत येतं आणि द्रावण पातळ होतं. १ मिलिमीटर नळीत १८ सेंटीमीटर चढायला जेमतेम ०.१४ मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे दहा मिलिलिटरमध्ये दीड टक्का. एका वर्षी केशनळ्या संपल्या म्हणून ४ मिलिमीटरच्या साध्या काचनळ्या वापरल्या. त्यात तेवढीच उंची गाठायला सव्वादोन मिलिलिटर पाणी आत यावं लागतं, म्हणजे पिशवीतलं द्रावण जवळजवळ पाचव्या हिश्शाने पातळ. दोन दिवस स्तंभ रेंगाळत राहिला आणि सगळी बॅच वाया गेली. दोष मुलांचा नव्हता, माझा होता.

सावधान: बारीक नळीची किंमत चुकवावी लागते. १ मिलिमीटरच्या नळीत पाणी केशाकर्षणानेच सुमारे ३ सेंटीमीटर वर चढतं, दाब काहीही नसला तरी. तीच नळी आधी साध्या पाण्यात उभी करा, किती चढतंय ते मोजा आणि प्रत्येक उंचीतून ते वजा करा. ५ ग्रॅमच्या द्रावणाची खरी उंची साडेतीन सेंटीमीटर आहे. वजा न करता साडेसहा लिहिलेत तर मोलर वस्तुमान निम्म्यावर येतं.

## टप्पा १०: थांबा, आणि दोन्ही बाजूंनी या

उंची म्हणजे बाहेरच्या पाण्याच्या पातळीपासून केशनळीतल्या वक्र पृष्ठाच्या तळापर्यंतचं अंतर. ती स्थिर व्हायला काही तास ते पूर्ण दिवस लागतो. मुलं तासाभरात "थांबलं" म्हणून लिहून टाकतात. थांबलेलं नसतं, फक्त हळू झालेलं असतं.

खात्रीची युक्ती: एकाच द्रावणाच्या दोन पिशव्या करा. एकीत सुरुवातीची पातळी अपेक्षेपेक्षा खाली ठेवा, दुसरीत जास्त द्रावण भरून वर. एक चढत येईल, दुसरी उतरत येईल. दोघी जिथे भेटतात ती खरी उंची. भेटल्या नाहीत तर अजून थांबा.

खोलीचं तापमानही लक्षात ठेवा. दहा मिलिलिटर द्रव आणि बारीक नळी, म्हणजे तुम्ही नकळत एक थर्मामीटरच बांधलाय. एका अंशाने तापमान वाढलं की पातळी तीन-साडेतीन मिलिमीटर वर सरकते. भांडं मोठ्या बादलीत ठेवा, उन्हाच्या खिडकीपासून आणि एसीच्या झोतापासून लांब.

तपासा: पातळी शिखर गाठून मग सतत उतरू लागली तर पटल गळतंय किंवा लहान साखळ्या बाहेर निसटताहेत. बाहेरचं थोडं पाणी घेऊन आटवा, तळाला पांढरा थर राहिला तर उत्तर मिळालं. दोन दिवसांनी द्रावण गढूळलं, वास आला, तर जंतूंनी ताबा घेतलाय, ते फेकून द्या.

## टप्पा ११: हिशेब, एका संहतीवर नाही

आमची रीडिंग, २७ अंशाला, केशाकर्षण वजा करून:

| संहती c, ग्रॅम प्रति लिटर | उंची h, सेंटीमीटर | h/c |
|---|---|---|
| ५ | ३.५ | ०.७०० |
| १० | ७.७ | ०.७७० |
| १५ | १२.५ | ०.८३३ |
| २० | १७.९ | ०.८९५ |

साध्या सूत्रानुसार, Π = cRT/M, शेवटचा स्तंभ सगळीकडे सारखा यायला हवा होता. तो वाढतोय, कारण लांब साखळ्या एकमेकींची जागा अडवतात. म्हणून h/c विरुद्ध c असा आलेख काढा आणि रेषा c = ० पर्यंत मागे न्या. तिथे साखळ्यांना एकमेकींची अडचण नाही, तिथेच साधं सूत्र खरं ठरतं. चार बिंदूंतून निघणारी रेषा अक्षाला ०.६३७ वर छेदते.

एक सेंटीमीटर पाणी म्हणजे ९७.७ पास्कल. म्हणून छेद ६२.२ पास्कल, दर ग्रॅम-प्रति-लिटरमागे. ३०० केल्विनला RT = ८.३१४ × ३०० = २,४९४.

M = २,४९४ / ६२.२ = ४०.१ किलोग्रॅम प्रति मोल, म्हणजे ४०,१००.

एककांवर इथे डोळे ठेवा. ग्रॅम प्रति लिटर आणि किलोग्रॅम प्रति घनमीटर एकच असतात, म्हणून उत्तर किलोग्रॅममध्ये येतं. "४० ग्रॅम" लिहिलेलं जर्नल दरवर्षी एक तरी असतं.

आता फक्त २० ग्रॅमचं द्रावण केलं असतं तर? १७.९ सेंटीमीटर ही सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात मोठी उंची, म्हणून मुलांना तीच आवडते. तिच्यातून उत्तर येतं २८,५००. ५ ग्रॅमच्या द्रावणातून ३६,५००. कमी संहतीचं उत्तर खऱ्याच्या जवळ, पण तिथे मिलिमीटरभर चुकलं तरी तीन टक्के जातात. म्हणून एकातही भागत नाही, चारही लागतात.

## टप्पा १२: बाटलीवरच्या आकड्याशी जुळत नाही तेव्हा

प्रयोग नीट झाला, ४०,१०० आलं, आणि मग बाटली फिरवून बघितली तर लेबलवर ७०,०००. इथे अनेक जण आकडे "सुधारायला" बसतात. तसं करू नका.

डेक्स्ट्रानच्या सगळ्या साखळ्या सारख्या लांबीच्या नसतात. परासरण दाब फक्त डोकी मोजतो: लहान साखळी असो की मोठी, प्रत्येकीचं एकच मत. त्यामुळे इथून मिळते ती संख्येवरची सरासरी. लेबलवर सहसा वजनावरची सरासरी छापतात, तिच्यात मोठ्या साखळ्यांचा आवाज जास्त, म्हणून ती नेहमी वर असते. ७०,००० चं लेबल असलेल्या डेक्स्ट्रानची संख्येवरची सरासरी ४०,००० च्या आसपास असणं अगदी स्वाभाविक आहे. जर्नलमध्ये उत्तरापुढे "संख्या-सरासरी" एवढा शब्द लिहा आणि लेबलचा आकडा शेजारी तसाच नोंदवा. युरियाच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही, तिथे सगळे रेणू एकाच वजनाचे. तिथे ६० ऐवजी ७० आलं तर मात्र परत टप्पा ३ पासून सुरुवात करा.